गिरनार : आईंसाठी रोपवे, पायऱ्या की डोली?

सासूबाईंना (मी आईच म्हणते) गिरनारला दत्तपादुकांचं दर्शन घ्यायचं होतं ही गोष्ट घरात बरीच वर्षं चालू आहे. माहेर औदुंबरजवळचं, त्यामुळे दत्तगुरु म्हणजे घरचेच. पण गुडघे गेले आणि विषय मागे पडला. मग २०२० च्या ऑक्टोबरात गिरनारचा रोपवे चालू झाला आणि ज्याला त्याला फोनवर सांगायला मिळालं की अहो आता काय, बसलं की वर. तर ज्यांच्या घरी असंच कुणी सत्तरीच्या पुढचं माणूस "आता रोपवे आहे ना" म्हणून तयार होऊन बसलंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय, कारण हे "बसलं की वर" अर्धंच खरं आहे.

रोपवे भवनाथ तळेटीहून अंबाजीच्या शिखरापर्यंत जातो. दत्तशिखरापर्यंत नाही. लोक गिरनारच्या ९९९९ पायऱ्या म्हणतात, मोजणारे थोडं कमीजास्त सांगतात ते सोडा, पण अंबाजी साधारण पाच हजारावर आहे म्हणजे रोपवेने निम्म्याच वाचतात. उरलेल्या पाच हजार जायच्या आणि त्याच पाच हजार परत यायच्या, म्हणजे रोपवेचं रिटर्न तिकीट हातात असूनसुद्धा पायाखाली दहा हजार पायऱ्या आहेतच. शिवाय या उरलेल्या पायऱ्या सरळ चढत्या नाहीत. अंबाजीहून थोडं उतरून गोरखनाथचं शिखर चढायचं (ते गुजरातमधलं सगळ्यात उंच, १११७ मीटर), मग तिथून चांगलं खोल उतरायचं आणि समोरचं दत्तशिखर पुन्हा चढायचं. येताना हे सगळं उलटं. म्हणजे दर्शन झालं की आता नुसती उतरण असं इथे नाही, परतताना थकलेल्या पायांनी गोरखनाथ पुन्हा चढावाच लागतो.

सोबत मामा पण होते, आईंचे थोरले भाऊ, वय शहात्तर. ॲंजिओप्लास्टी झालेली आहे पण रोज सकाळी चालतात, गुडघे एकदम ठणठणीत. आईंचं बरोबर उलट, छाती मजबूत, गुडघ्यात संधिवात. डॉक्टरांकडे दोघांना घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले की चढताना हृदयाला काम पडतं आणि उतरताना गुडघ्याला, त्यामुळे दोघांचा विचार वेगवेगळा करा. आई बिल्डिंगचे तीन मजले न थांबता चढतात, पण उतरताना कठडा धरून आडव्या आडव्या, एकेक पाय टाकत, आणि दुसऱ्या मजल्यावर बसावंच लागतं. मामांची टीएमटी करून घेतली, ती ठीक आली, आणि डॉक्टरांनी त्यांना एक साधी खूण दिली की चढताना एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर तिथेच बसायचं, आणि छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात काही वाटलं तर पुढे जायचा विषयच नाही. आईंच्या बीपीच्या गोळीत लघवीचं औषध आहे, ती त्या दिवशी कधी घ्यायची हे पण विचारून घेतलं. हे का विचारलं ते पुढे येईलच.

रविवार

बांद्र्याहून वेरावळची गाडी दुपारी निघते, आम्ही बोरिवलीला चढलो. चार जण, मी, नवरा, आई, मामा. तारखा ठरवताना गुरुवार आणि पौर्णिमा टाळली, त्या दिवशी दत्तभक्तांची गर्दी असते आणि त्यात निम्मे तरी आपले मराठी. कार्तिकातली परिक्रमा आणि महाशिवरात्रीची जत्रा यांच्या जवळपास तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरकूच नये. सोमवारी दत्तशिखराखालच्या कमंडलू कुंडावर धुनी असते म्हणून तेव्हाही रांग. म्हणून सोमवारी पोचायचं, मंगळवारी दर्शन आणि बुधवार हाताशी मोकळा असं ठरवलं. नवरा म्हणत होता बुधवारी सोमनाथ करू. मी म्हटलं बुधवारचं काही बुक करायचं नाही.

गाडीत काही विशेष नाही. मामांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती सुरतेच्या आधीच संपली.

सोमवार

पहाटे जुनागढ. जानेवारीचा शेवट, थंडी बरी होती. रिक्षाने भवनाथ तळेटीला गेलो, तिथे धर्मशाळा भरपूर आहेत. आम्ही खोली तळमजल्याची मागितली होती आणि मिळाली, हे फोनवरच पक्कं करून घ्या, नाहीतर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली तर गिरनारच्या आधीच गुडघे संपायचे.

दिवसभर आराम. संध्याकाळी भवनाथ महादेवाचं दर्शन आणि रोपवेच्या स्टेशनपर्यंत नुसतं चालत जाऊन आलो. तिकिटाचे दर बदलत असतात, आम्ही गेलो तेव्हा जाऊनयेऊन सातशेच्या आसपास होते, एका बाजूचंही मिळतं. खूप जण चढताना रोपवे घेतात आणि "उतरायला काय लागतं" म्हणून येताना चालत येतात. तरुणाला ठीक आहे. पण गुडघेदुखीच्या माणसाला एकच बाजू परवडत असेल तर ती उतरतानाची घ्यावी. मामांसारख्याला मात्र चढतानाची. आम्ही दोघांनाही दोन्ही बाजूची घेणार होतो तो भाग वेगळा.

रात्री खोलीबाहेर काठ्यांचा आवाज, "जय गिरनारी" चालू. पायऱ्यांनी जाणारे मध्यरात्रीनंतर निघतात, म्हणजे ऊन चढायच्या आत वर पोचता येतं. मामा खिडकीत उभे राहून बघत होते आणि मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय ते.

मंगळवार

सकाळी सात वाजता तयार होऊन स्टेशनवर गेलो तर रोपवे बंद. वारा. खाली तर पान हलत नव्हतं, आई म्हणाल्या कसला वारा? पण हा रोपवे तळेटीपासून आठ-साडेआठशे मीटर उंच जातो, मधे खांबांमध्ये लांब लांब अंतर, खाली दरी, आणि वारा लागतो तो वरच्या कड्यावर. तिथे केबिन झुलायला लागली की बंदच ठेवावा लागतो. खालून बघून काही कळत नाही. पावसाळ्यात तर हे नेहमीचंच, पण थंडीतही होतं. शिवाय मेंटेनन्ससाठीही मधे मधे काही दिवस बंद असतो, ते निघायच्या आधी बघून घ्यायचं.

नऊ वाजले, दहा वाजले. तेवढ्यात डोलीवाले आले. "माजी को नीचे से ले जाएंगे." डोली म्हणजे जाड बांबूला दोरांनी टांगलेली चौकोनी बैठक, आत मांडी घालून किंवा पाय दुमडून बसायचं, पुढे एक मागे एक माणूस, वजन जास्त असेल तर चार जण. आधी काट्यावर वजन करतात आणि त्यावर दर ठरतो. नवरा म्हणाला घेऊया ना, पैशाचं बघू. मी गणित मांडलं. खालून दत्तशिखर म्हणजे दहा हजार पायऱ्या वर आणि दहा हजार खाली, डोलीवाले थांबत थांबतच नेणार, दहाला निघालो तर दर्शनच दुपारी तीन-चारला आणि उतरता उतरता मिट्ट काळोख. एवढा वेळ त्या हातभर बैठकीत गुडघे दुमडून बसायचं. आईंचे गुडघे तासभर मांडी घातली तरी आखडतात. आणि लघवी! वाटेत वेळेवर सोय मिळेलच असं नाही आणि डोलीतून दर अर्ध्या तासाने उतरवा म्हणणं आईंच्या स्वभावात नाही, त्या पाणीच पिणार नाहीत, आणि मग बीपी. आई सगळं ऐकून म्हणाल्या, "नको गं, दत्तगुरु काय उद्या उठून जाणारेत का." विषय संपला.

मग रिकामा दिवस सत्कारणी लावला. पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे दोघांना घेऊन गेलो आणि थोडं चढून बघितलं. हे खरंच करून बघा. घरच्या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, इथे दगडी, कुठे बसकी कुठे उंच, मधेच सपाट लांब टप्पा, त्यामुळे पायाला लय सापडत नाही. आई पन्नासेक पायऱ्या चढल्या, काही नाही. उतरताना दहाव्या पायरीला चेहरा बदलला. मामा मात्र दोनशेच्या वर चढून गेले आणि मी मागून मुद्दाम काहीबाही विचारत राहिले, औदुंबरच्या घाटाचं वगैरे. दीडशेपर्यंत वाक्यं पूर्ण येत होती. मग "घाटावर... तेव्हा... पाणी..." असं तुटायला लागलं. बसवलं. तीन-चार मिनिटांत नॉर्मल. त्यांनाही ते कळलं, काही बोलले नाहीत.

दुपारी रिक्षाने दामोदर कुंड आणि जवळच अशोकाचा शिलालेख. एकाच खडकावर अशोकाचे लेख, नंतर रुद्रदामनचा, नंतर स्कंदगुप्ताचा, म्हणजे सातशे वर्षांत तीन राजांनी एकच दगड वापरला. रुद्रदामनच्या लेखात इथला सुदर्शन तलाव वादळात फुटला आणि पुन्हा बांधला ते लिहिलंय. मामा शाळेत इतिहास शिकवायचे, ते तिथून हलेनात.

रोपवे दिवसभर बंदच राहिला. बुधवार मोकळा ठेवला नसता तर भवनाथाला नमस्कार करून घरी.

बुधवार

सकाळी चालू! पहिल्या रांगेत होतो. केबिन आठ जणांची असते आणि स्टेशनात पूर्ण थांबत नाही, चालीच्या वेगाने पुढे सरकत राहते आणि तेवढ्यात आत चढायचं. तरुण माणसाच्या हे लक्षातही येत नाही पण काठी घेतलेल्या माणसाला तेवढंच भीतीचं. आम्ही तिथल्या माणसाला आधीच सांगितलं, त्याने वेग अजून कमी करून घेतला आणि आईंना हाताला धरून आत बसवलं. काठी आधी दुसऱ्याच्या हातात द्यायची, दोन्ही हात मोकळे ठेवायचे. सात-आठ मिनिटांत वर. खाली पायऱ्यांची रेघ दिसते, त्यावर मुंग्यांएवढी माणसं. आईंनी डोळे मिटून नामस्मरण केलं, मामा खाली बघत पायऱ्या मोजायचा प्रयत्न करत होते.

वरच्या स्टेशनवर टॉयलेट आहे, तिथे जाऊनच पुढे निघायचं, पुढे भरवसा नाही. तिथून अंबाजीच्या देवळापर्यंतही थोड्या पायऱ्या आहेत, त्या आई माझा खांदा धरून चढल्या. अंबामातेचं दर्शन शांतपणे झालं. ज्यांना पायऱ्या अजिबातच नको आहेत त्यांनी इथे थांबलं तरी चालतं, आमच्या केबिनमधलं एक वयस्कर जोडपं इथूनच समोर दत्तशिखराला हात जोडून परत फिरलं.

डोली आम्ही इथून केली. इथेही डोलीवाले असतात. आईंचं वजन अडुसष्ट, दोन माणसांत ठरली. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट बोलून घेतल्या : दर जाऊनयेऊनचा, वर दर्शनाला थांबायचा वेळ त्यात धरलेला, आणि आम्ही परत येईपर्यंत रोपवे वाऱ्याने बंद पडला तर खाली तळेटीपर्यंत सोडायचे किती. तिसरी गोष्ट कालच्या दिवसाने शिकवली. वर माणूस आणि खाली रोपवे बंद, मधे पाच हजार पायऱ्यांची उतरण, आईंना ती जमणारच नाही.

बैठकीवर घडी घातलेली चादर आणि पाठीला शाल. एक गुडघा दुमडलेला आणि एक सैल सोडलेला असं आलटून पालटून बसायचं हे आईंनी स्वतःच शोधून काढलं. चढताना ठीक, उतरताना मात्र पुढे घसरल्यासारखं वाटतं, तेव्हा बांबू घट्ट धरायचा आणि खाली बघायचं नाही. डोलीवाल्यांचं काम बघून आईंना फार अवघडल्यासारखं झालं, प्रत्येक थांब्यावर "थकलात का रे" मराठीतच विचारायच्या आणि ते हसून "नहीं माजी" म्हणायचे. त्यांना चहा, लिंबूसरबत आपण द्यायचं असतं, तेवढं मनात धरून जा.

मामा चालत. गोरखनाथपर्यंत आठशेच्या आसपास पायऱ्या, बऱ्याचशा चढत्या. पन्नास पायऱ्या, थांबा, गप्पा, पन्नास पायऱ्या असं तासभर लागलं पण वाक्य एकदाही तुटू दिलं नाही. वर वारा सुटलेला, ऊन पण लागत होतं, सावली जवळजवळ नाहीच. गोरखनाथला पोचल्यावर समोर दत्तशिखर दिसतं, सुळक्यासारखं, वर ते इवलंसं देऊळ, आणि मधे पायऱ्या खोल खाली जाऊन पुन्हा वर चढलेल्या. इतकं जवळ दिसतं की कुणालाही वाटेल अर्ध्या तासाचं काम.

माझ्या मते पायी जाणाऱ्या ज्येष्ठ माणसाने ठरवायचं ते इथेच. अंबाजीला ठरवू नये कारण तिथे सगळे ताजेतवाने असतात, आणि खाली दोन शिखरांच्या मधल्या कमानीपाशी पोचल्यावर ठरवून उपयोग नाही कारण तिथून परत फिरायचं म्हटलं तरी गोरखनाथ चढावाच लागतो. इथून उतरलेली प्रत्येक पायरी परत येताना चढायची आहे, तीही दुपारच्या उन्हात. मामा कट्ट्यावर बसले, पाणी प्यायले, घड्याळ बघितलं, तासात इथवर आलो, पुढचं जाऊन येऊन किमान तीन-साडेतीन तास माझ्या चालीने, असं स्वतःच म्हणाले. नवऱ्याने म्हटलं मामा डोली बघू का? तर म्हणाले, "डोली नको. मला इथून दिसतंय." मग त्यांनी खिशातून छोटी गुरुचरित्राची पोथी काढली. नवरा त्यांच्यापाशी थांबला, मी आईंबरोबर पुढे.

उतरण, कमान, तिथून उजवीकडे कमंडलू कुंडाला वाट जाते आणि डावीकडे दत्तशिखर. चढ उभा आहे. शेवटच्या थोड्या पायऱ्या आई चालल्या, डोलीवाल्यांनी नको म्हटलं तरी. वर जागा इतकी कमी की आठ-दहा माणसं झाली तरी दाटी होते. पादुका, मागे त्रिमूर्ती, हात टेकले आणि पुजारी पुढे सरका म्हणाले. मिनिटभर मिळालं असेल. एवढ्या लांबून येऊन एक मिनिट, असं मला वाटलं खरं. आईंना नाही वाटलं.

कमंडलू कुंडाला त्याच कमानीपासून तीनशेच्या आसपास पायऱ्या खाली आहे, तिथे अन्नछत्रात प्रसाद मिळतो. मी सोडून देणार होते पण डोलीवाल्यांनीच नेलं. खिचडीसारखा साधा गरम प्रसाद, आईंनी पाय लांब करून पंधरा मिनिटं भिंतीला टेकून घेतले आणि ते फार उपयोगी पडलं, कारण परतीच्या गोरखनाथाच्या चढापर्यंत पाय पुन्हा दुमडून बसायचं होतं.

तीनच्या आत अंबाजीला परत आलो. मामा आणि नवरा आधीच येऊन चहा पीत बसले होते. वारा वाढला होता, केबिन जरा हलत होत्या, खाली जाणाऱ्यांची रांग लांब. रोपवे संध्याकाळी पाचच्या सुमारास आटोपतो, पण शेवटच्या गाडीचा हिशेब धरून फिरू नये, कारण वारा घड्याळ बघत नाही आणि शेवटी सगळ्यांना एकदमच खाली जायचं असतं. अर्धा तास रांगेत. रांगेत उभं राहणं आईंना चालण्यापेक्षा अवघड, म्हणून नवरा नंबर धरून आणि त्या बाकावर.

गुरुवार

सकाळी आईंची पाठ धरली होती, डोलीतलं अवघडून बसणं. गुडघे मात्र रोजच्यासारखेच, सूज नाही. मामांच्या पोटऱ्या भरून आलेल्या. मला स्वतःला जिना उतरता येत नव्हता, ते कुणी विचारलंच नाही.

परतीच्या गाडीत सांगलीच्या मावशींचा फोन. आई सुरू झाल्या, रोपवे, केबिन, वारा, सगळं. पलीकडून मावशी विचारत होत्या की मलापण जमेल का गं, माझं तर एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "डॉक्टरला विचार गुडघा किती दुमडायला परवानगी आहे, कारण डोलीत पाय सरळ सोडता येत नाहीत. आणि आधी वजन सांग, तिथे काट्यावर बसवतात."

फोन तिकडून कट झाला. रेंज गेली असं आई म्हणतात.